न दाखवलेल्या कागदाचा शोध

कंपनी विकत घेण्याचे आपल्याकडे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात कारखाना, यंत्रं, माल, ब्रँड असा चालता धंदा उचलून घेतला जातो आणि जुनी कंपनी विकणाऱ्याकडेच राहते. दुसऱ्यात कंपनीचे शेअर्स घेतले जातात. तेव्हा कारखान्यावरची पाटी तीच राहते, पॅन तोच, जीएसटी क्रमांक तोच, बँकेतलं खातंही तेच. बदलतो तो फक्त मालक. हा दुसरा मार्ग सोपा वाटतो, कारण प्रत्येक करार आणि प्रत्येक परवाना नव्याने नावावर करून घ्यावा लागत नाही. पण त्याच कारणाने तो जोखमीचाही आहे. कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते आणि तिचे शेअर्स दुसऱ्याच्या हाती गेले म्हणून तिचं देणं-घेणं पुसलं जात नाही. दहा वर्षांपूर्वी कामावरून काढलेल्या कामगाराचा दावा, अपिलात अडकलेली कराची मागणी, सांडपाण्याबद्दल आलेली नोटीस, हे सगळं शेअर्सबरोबर नव्या मालकाच्या दारात येतं.

म्हणून सौद्यावर सही करण्याआधी खरेदीदाराचे वकील, सीए आणि कंपनी सेक्रेटरी त्या कंपनीचे कागद तपासतात. या तपासणीला धंद्यात सगळेच ड्यू डिलिजन्स म्हणतात. हिशेबाचा भाग सीए पाहतात. वकिलांच्या वाट्याला प्रामुख्याने तीन गठ्ठे येतात: करार, कोर्टकचेऱ्या आणि परवाने. पद्धत ठरलेली आहे. खरेदीदाराकडून मागणीची लांबलचक यादी जाते, विकणारा कागद स्कॅन करून ‘डेटा रूम’ नावाच्या कुलूपबंद संगणकीय कपाटात ठेवतो आणि यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ‘जोडले आहे’, ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहितो. मग काही आठवडे वाचन आणि प्रश्नोत्तरं चालतात.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ठेवलेले कागद नीट वाचणं हेच हे काम. ते करावंच लागतं, पण ते अर्धंच काम आहे. डेटा रूममध्ये काय ठेवायचं हे विकणारा ठरवतो. त्यामुळे त्याने दिलेला प्रत्येक कागद अशा एखाद्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो, जी त्याने खरेदीदारासाठी तयार केलेली नाही. ती सरकारदरबारी असेल, बँकेत असेल, नाहीतर कंपनीच्याच हिशेबात दुसऱ्या कारणासाठी लिहिलेली असेल. जमीन घेताना मालकाच्या तोंडच्या शब्दावर न थांबता आपण सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो, तसंच हे आहे. फरक इतकाच की कंपनीचा सातबारा एका जागी मिळत नाही, तो दहा ठिकाणांहून गोळा करावा लागतो.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक कंपनी घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत औषधांना लागणारी रसायनं बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा तिचा वर्षाचा नफा १० कोटी रुपये. किंमत ठरली आहे नफ्याच्या आठ पट, म्हणजे ८० कोटी.

आधी करार. विकणाऱ्याने डेटा रूममध्ये चौदा ग्राहकांचे करार ठेवले आहेत. ते उघडण्याआधी सीएंकडून गेल्या तीन वर्षांची ग्राहकवार विक्री मागवायची, तिच्यावरून पहिले दहा ग्राहक काढायचे आणि त्या दहांचे करार आले आहेत का ते पाहायचं. विकणाऱ्याच्या यादीवरून काम सुरू केलं की त्याने गाळलेलं आपणही गाळतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाचा करारच नाही. विचारल्यावर कळतं की तो दोन वर्षांपूर्वी संपला. तेव्हापासून दर महिन्याला ईमेलवर खरेदी ऑर्डर येते आणि माल जातो. व्यवहार सुरळीत आहे, पण पुढच्या महिन्यात ऑर्डर आलीच पाहिजे असं बंधन ग्राहकावर कुठेही नाही. नफ्याच्या आठ पट किंमत मोजणारा माणूस पुढच्या कित्येक वर्षांचा नफा धरून चाललेला असतो. त्यातला हा तुकडा केवळ सवयीवर टिकून आहे, हे त्याला सही करण्याआधी कळायला हवं.

पहिल्या क्रमांकाच्या ग्राहकाचा करार मात्र आहे आणि तो जाडजूड आहे. एकूण विक्रीच्या चाळीस टक्के माल इथे जातो. मालक बदलला तर ग्राहकाला करार मोडता येतो का, हा इथला कळीचा प्रश्न. करार संपवण्याचं कलम पाहिलं तर त्यात मालकीबदलाचा उल्लेख नाही. घाईत वाचणारा इथे ‘अडचण नाही’ अशी टीप लिहून पुढे जातो. पण खूप मागे, हस्तांतरणाच्या एरवी कंटाळवाण्या कलमात एक वाक्य दडलेलं असतं. पुरवठादाराच्या मतदानाच्या हक्कांपैकी निम्म्याहून अधिक हक्क दुसऱ्याकडे गेले, तर तेही कराराचं हस्तांतरण समजलं जाईल आणि त्यासाठी ग्राहकाची लेखी पूर्वपरवानगी लागेल, असं ते म्हणतं. या एका वाक्यामुळे सौद्याची चावी तिसऱ्याच माणसाच्या हातात जाते. परवानगी मागायला गेलं की ग्राहक दर कमी करून मागू शकतो. न मागता सौदा केला तर करारभंग होतो. म्हणूनच असं कलम कुठे आहे यापेक्षा ते कधी सापडतं याला जास्त महत्त्व आहे. सही होण्यापूर्वी सापडलं तर परवानगीचं पत्र आणणं ही विकणाऱ्याची जबाबदारी ठरवता येते.

बँकेच्या मंजुरीपत्रातही असंच वाक्य जवळजवळ हमखास असतं: भागधारणेत बदल करायचा तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. मंजुरीपत्र डेटा रूममध्ये असतंच. पण कर्ज नक्की किती आणि कशावर, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरच्या बोजांच्या नोंदीशी ताडायचं. ही नोंद कोणालाही पाहता येते. फेडलेल्या कर्जाचा बोजा कागदोपत्री तसाच राहिलेला दिसणं नेहमीचं आहे आणि ते बँकेच्या पत्राने सुटतं. विकणाऱ्याने सांगितलेलाच नाही असा बोजा दिसला, तर मात्र काम तिथेच थांबवून प्रश्न विचारावा.

आता कोर्टकचेऱ्या. विकणाऱ्याने चार दाव्यांची यादी दिली आहे. ती पूर्ण आहे का, हे पाहायला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. मात्र त्याच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. जिल्हा न्यायालयांत नावावरून शोधताना राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं. सगळ्या देशातले खटले एका बटणावर समोर येत नाहीत. कंपनीचं नाव कारकुनाने जसं टंकलं असेल तसंच सापडतं, म्हणून जुनं नाव, लघुरूपं, चुकीची स्पेलिंग असं सगळं टाकून पाहायचं. न वटलेल्या धनादेशाच्या आणि प्रदूषणाच्या फौजदारी तक्रारींत संचालकही आरोपी असतात, त्यामुळे त्यांच्या नावानेही शोध घ्यायचा. शिवाय कामगार न्यायालय, ग्राहक आयोग, कंपनी न्यायाधिकरण, कर न्यायाधिकरण यांची दारं वेगवेगळी.

एवढं करूनही एक मोठा कोपरा अंधारातच राहतो, तो म्हणजे लवाद. मोठ्या व्यापारी करारांतले तंटे बहुधा लवादाकडे जातात, आणि लवादाचं कामकाज गोपनीय ठेवावं असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदाच सांगतो. प्रकरण तातडीच्या आदेशासाठी, लवाद नेमण्यासाठी किंवा निवाडा रद्द करून घेण्यासाठी कोर्टात आलं, तरच त्याची सार्वजनिक नोंद होते. तोवर कुठल्याही संकेतस्थळावर ते दिसणार नाही.

इथे मदतीला येतात त्या कंपनीने दुसऱ्याच हेतूने केलेल्या नोंदी. पहिली लेखापरीक्षकाच्या अहवालात असते. ‘कारो’ नावाच्या आदेशाप्रमाणे, तो लागू असलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षकाला वादात असलेली प्रत्येक कराची रक्कम वर्ष आणि ती कुठल्या मंचापुढे अडकली आहे यांसह लिहावी लागते. दुसरी नोंद आणखी साधी आहे, पण माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. ती म्हणजे ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ या नावाचं खातं. वकील फुकट उभा राहत नाही. आपल्या काल्पनिक कंपनीच्या त्या खात्यात अलिबागच्या एका वकिलांना दर दोन-तीन महिन्यांनी पैसे गेलेले दिसतात, आणि दिलेल्या यादीत अलिबागचा एकही दावा नाही.

चौकशी केल्यावर कळतं की शेजारच्या शेतकऱ्याने दिवाणी दावा लावला आहे. विकणाऱ्याच्या मते ‘दाव्याची किंमत काही हजार रुपये, म्हणून यादीत घातला नाही’. हे उत्तर नेहमी ऐकू येतं आणि ते प्रामाणिकही असू शकतं. पण दाव्याचं मूल्यांकन कोर्ट फीसाठी केलेलं असतं, त्यावरून दाव्याचं वजन कळत नाही. पाहायची ती वादीची मागणी आणि आतापर्यंतचे अंतरिम आदेश. इथे वादीचं म्हणणं असं, की कारखान्याची पाण्याची लाइन ज्या चिंचोळ्या पट्टीतून जाते ती त्याची आहे, आणि त्याने मनाई हुकूम मागितला आहे. तो मिळाला तर पाणी बंद आणि पाण्याबरोबर कारखानाही. यादीतल्या एका दाव्यात जुन्या पुरवठादाराने दोन कोटी मागितले आहेत. त्याच्या तुलनेत काही हजारांचा हा दावा कितीतरी धोकादायक आहे.

परवान्यांकडे आलं की बहुतेक जण मुदत पाहतात. कारखाना परवाना चालू आहे, अग्निशमनाचं प्रमाणपत्र आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणखी दोन वर्षं वैध आहे, म्हणून तीन ठिकाणी बरोबरची खूण केली जाते. पण परवाना हा अटींसकट परवाना असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कुठलं उत्पादन महिन्याला किती टन काढायचं आणि सांडपाणी दिवसाला किती घनमीटर सोडायचं, हे लिहिलेलं असतं. कारखाना परवान्यावर कामगारांची कमाल संख्या आणि अश्वशक्ती असते. हे आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे शेजारी-शेजारी मांडले की खरी गोष्ट कळते.

आपल्या कंपनीच्या संमतीपत्रावर महिन्याला एकूण २५० टन उत्पादन लिहिलं आहे. जीएसटीच्या बिलांवरून मोजलं तर विक्री भरते महिन्याला ३४० टन. बाहेरून घेऊन विकलेला माल यात आहे का, हे खरेदीच्या बिलांवरून तपासावं लागतं. समजा तो नाही. एमआयडीसीच्या पाण्याची बिलंही याच दिशेला बोट दाखवतात: दिवसाला घेतलेलं पाणी ९० घनमीटर आणि संमतीपत्रातलं सांडपाणी ४०. बॉयलरमध्ये आणि थंड करण्याच्या मनोऱ्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं, काही मालातही जातं, म्हणून एवढ्या फरकावरून ठपका ठेवता येत नाही. त्यासाठी पर्यावरणाचा जाणकार कारखान्यात पाठवून पाण्याचा ताळेबंद मांडून घ्यावा लागतो. टनांच्या फरकाला मात्र दुसरं स्पष्टीकरण उरत नाही.

याचा परिणाम नुसत्या दंडापुरता नाही. जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३३-अ प्रमाणे मंडळ कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. आणि बंदीचा आदेश आला नाही तरी किंमतीचा प्रश्न उरतोच. ३४० पैकी ९० टन, म्हणजे २६ टक्क्यांच्या आसपास उत्पादन परवानगीशिवायचं आहे. कारखान्याचा स्थिर खर्च वर्षाला चार कोटी धरला, तर तो भागवण्याआधीची कमाई चौदा कोटी. तिच्यातून २६ टक्के गेले की उरतात सुमारे सव्वादहा. त्यातून स्थिर खर्चाचे चार कोटी वजा केले की नफा सव्वासहा कोटींच्या आसपास. त्याची आठ पट होते ५० कोटी. ८० कोटींच्या किंमतीतले ३० कोटी अशा उत्पादनाचे होते, जे काढण्याची मुभाच नव्हती. उत्पादन वाढवण्याची रीतसर परवानगी मिळू शकते, पण काही रसायनांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते आणि तिला वेळ लागतो. हा फरक दाखवणारे तिन्ही कागद डेटा रूममध्ये होते. मात्र संमतीपत्र वकिलांच्या फोल्डरमध्ये होतं, विक्रीची बिलं सीएंच्या आणि पाण्याची बिलं खर्चाच्या. एका माणसाने ती एकत्र पाहिली नाहीत, तर तपासणी पूर्ण होऊनही ही गोष्ट निसटते. वकील आणि सीए यांनी आठवड्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसावं, असा माझा आग्रह याचसाठी असतो.

विकणाऱ्याने लपवायचंच ठरवलं असेल तर काय, याचं भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण रॅनबॅक्सीचं आहे. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्यो या कंपनीने रॅनबॅक्सीच्या प्रवर्तकांशी करार केला. दर शेअरला ७३७ रुपये आणि एकूण सुमारे ४.६ अब्ज डॉलर देऊन तिने जवळपास ६४ टक्के हिस्सा घेतला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची रॅनबॅक्सीवर नजर आहे, हे तेव्हा जगजाहीर होतं. पाँवटा साहिबच्या कारखान्याला २००६ मध्येच इशारापत्र मिळालं होतं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या कार्यालयांवर छापेही पडले होते. म्हणजे चौकशी चालू आहे हे खरेदीदाराला ठाऊक होतं. त्याला माहीत नव्हतं ते चौकशीच्या मुळाशी काय आहे. २००४ मध्ये कंपनीतल्याच वरिष्ठांनी तयार केलेल्या एका अंतर्गत अहवालात, अनेक देशांत परवान्यांसाठी दिलेली चाचण्यांची माहिती बनावट असल्याचं लिहिलं होतं. हा अहवाल अमेरिकी प्रशासनाच्या हाती पोहोचला होता, पण दाइचीपुढे तो ठेवला गेला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेने देवास आणि पाँवटा साहिब इथून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. अहवाल दाइचीच्या हाती आला २००९ मध्ये. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. शेवटी दाइचीने तिच्यातून अंग काढून घेतलं आणि मुंबईच्या सन फार्माने २०१५ मध्ये ती सामावून घेतली.

दाइची प्रवर्तकांविरुद्ध सिंगापूरला लवादात गेली आणि २०१६ मध्ये जिंकली. माहिती दडवून फसवणूक केली असं ठरलं आणि व्याज-खर्चासह सुमारे ३,५०० कोटी रुपये देण्याचा निवाडा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये तो मुख्यतः कायम ठेवला. पण पैसे वसूल करणं हा वेगळाच लढा ठरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवर्तक बंधूंना अवमानाबद्दल दोषी धरलं. निवाडा हाती असूनही पैसे मिळत नाहीत, तेव्हा व्यवहाराच्या वेळी काही रक्कम बाजूला काढून ठेवली असती तर किती सोपं गेलं असतं हे कळतं.

खरेदीदाराने या प्रकरणातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातल्या १९ व्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. समोरच्याने चुकीची माहिती दिली किंवा फसवण्यासाठी गप्प राहिला, तरी साधारण तत्परतेने तुम्हाला सत्य शोधून काढता आलं असतं, तर करार रद्द करण्याचा हक्क मिळत नाही. कोर्टाच्या संकेतस्थळावर दिसणारा दावा किंवा मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसणारा बोजा ‘मला सांगितला नव्हता’ असं नंतर म्हणणं म्हणूनच अवघड जातं. सार्वजनिक नोंदी तपासायच्या आणि कुठे, कधी, कुठल्या शब्दांनी शोधलं याच्या स्क्रीनवरच्या प्रती तारखेसह जपून ठेवायच्या. शोधाच्या पलीकडचं, म्हणजे लवाद, कोर्टात न गेलेल्या नोटिसा, अंतर्गत अहवाल, यांसाठी विकणाऱ्याकडून नेमक्या शब्दांत लेखी हमी घ्यायची. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द त्या हमीत शिरू पाहतात. ते कुठे चालतील आणि कुठे नाही, यावर वाटाघाटीत रात्री जागवाव्या लागतात आणि त्या जागवाव्यात.

सापडलेल्या गोष्टींचं काय करायचं, हे प्रत्येकीच्या स्वभावावर ठरतं. ग्राहकाची परवानगी आणि बँकेचं ना-हरकत पत्र या पूर्वअटी होतात, ती आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ९० टनांचा फरक थेट किंमतीत उतरवायचा. पाण्याच्या लाइनीच्या दाव्यासाठी वेगळी, नाव घालून भरपाईची तरतूद करायची आणि काही कोटी रुपये एस्क्रो खात्यात अडकवून ठेवायचे. इथे सर्वसाधारण हमी पुरत नाही, कारण जे खरेदीदाराला आधीच सांगितलेलं असतं त्याबद्दल तिच्या आधारे सहसा काही मागता येत नाही.

आणि पैसे देण्याच्या आदल्या दिवशी सगळे शोध पुन्हा घ्यायचे, कारण सही आणि पैसे यांच्यात अनेकदा महिने जातात. रॅनबॅक्सीच्या सौद्यात जूनमध्ये सह्या झाल्या आणि व्यवहार नोव्हेंबरमध्ये पुरा झाला. मधल्या जुलैमध्ये अमेरिकी न्याय खात्याने मागितलेले कागद कंपनी देत नाही म्हणून तिथल्या कोर्टात जाहीर अर्ज केला होता. बोजाच्या बाबतीत तर शेवटच्या दिवसाचा शोधही पुरत नाही. कंपनी कायद्याने बोजा नोंदवायला ३० दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे गेल्या आठवड्यात घेतलेलं कर्ज आज पोर्टलवर दिसेलच असं नाही. म्हणून कंपनीचं खातं असलेल्या प्रत्येक बँकेकडून त्या दिवसापर्यंतच्या देण्याचं पत्र घ्यायचं आणि पैसे दिल्यावर महिन्याभराने तीच नोंद पुन्हा उघडून पाहायची.